‘एनी थ्री’ म्हणजे नक्की कुठले तीन? एम-थ्रीच्या पेपरवर करून दाखवते

प्रश्न: सेकंड इयर कॉम्प्स, मुंबई युनिव्हर्सिटी, एम-थ्रीची केटी आहे. ८० चा पेपर, क्यू १ कंपल्सरी आणि उरलेल्या पाचातले कुठलेही तीन. हॉलमध्ये ठरतच नाही कुठले घ्यायचे, एक घेतो, अर्ध्यात अडकतो, मग दुसरा घेतो. मागच्या वेळी २९ आले. कॉम्प्लेक्स व्हेरिएबल ऑप्शनला टाकलं होतं. कसं ठरवायचं?

उत्तर:

मी बरीच वर्षं इंजिनिअरिंगची मॅथ्स शिकवते आहे आणि पेपरही तपासते, आणि २९-३० वर अडकलेल्या मुलांचे पेपर बघून सांगते, त्यातल्या बऱ्याच जणांना ३२ पुरतं नक्की येत असतं. मार्क जातात ते चुकीचे तीन प्रश्न घेतल्यामुळे, आणि त्याहून जास्त म्हणजे अर्ध्यात प्रश्न बदलल्यामुळे.

आधी पेपरची रचना नीट बघ, कारण सगळं तिथूनच येतं. क्यू १ मध्ये पाच-पाच मार्कांचे चार सम. क्यू २ ते क्यू ६ प्रत्येकी २० चे, आणि प्रत्येकात ए ६ मार्कांचा, बी ६ चा, सी ८ चा. आणि हे तिन्ही वेगवेगळ्या मॉड्यूलमधले असतात, ए लाप्लासचा तर बी कॉम्प्लेक्सचा आणि सी फूरियरचा असं. म्हणजे तू निवडतोस तो ‘प्रश्न’ नसतोच, तीन समांचं गाठोडं असतं, त्यातला एक आवडीचा, एक बरा आणि एक अजिबात न येणारा असं काहीही निघू शकतं. आणि मुलं काय करतात, तर गाठोड्यातला एक ओळखीचा सम दिसला की खूश होऊन तोच प्रश्न सुरू करतात. तुझं ‘एक घेतो, अर्ध्यात अडकतो’ हे तिथूनच येतंय.

आता एक खरा प्रसंग सांगते. आमच्या प्रिलिमला एका मुलीला ३१ पडले होते, पासिंगला ३२ लागतात. दुसऱ्या दिवशी तोच पेपर घेऊन आम्ही दोघी बसलो आणि तिला म्हटलं, कालच्या क्षणी तुला काय येत होतं ते प्रामाणिकपणे सांग. पेपर साधारण असा होता:

क्यू २: ए) t e^(-3t) sin 2t चं लाप्लास. बी) फंक्शन ॲनालिटिक आहे तर a, b, c, d काढा. सी) x² ची (-π, π) मध्ये फूरियर सिरीज आणि त्यावरून एक डिडक्शन.
क्यू ३: ए) प्रॉबॅबिलिटी टेबलमधला k काढा. बी) कॉन्व्होल्यूशनने इन्व्हर्स लाप्लास. सी) u + v दिलंय, मिल्न-थॉमसनने f(z) काढा.
क्यू ४: ए) स्पिअरमनचं रँक कोरिलेशन. बी) हाफ रेंज साइन सिरीज. सी) लाप्लास वापरून इंटिग्रल.
क्यू ५: ए) ऑर्थोगोनल ट्रॅजेक्टरीज. बी) बेजचं थिअरम, तीन मशीन आणि डिफेक्टिव्ह बोल्ट. सी) पॅराबोला फिट करा.
क्यू ६: ए) रँडम व्हेरिएबलचं मीन आणि व्हेरिएन्स. बी) रिग्रेशनच्या दोन लाइन. सी) पार्शल फ्रॅक्शनने इन्व्हर्स लाप्लास.

तिने क्यू १ नंतर सरळ क्यू ३ घेतला. का, तर k काढायचा सम दिसला, तो तिला झोपेतही येतो. बेरीज एक बरोबर घेतली की 10k² + 9k − 1 = 0, k = 1/10, आठ मिनिटांत संपला. मग कॉन्व्होल्यूशनमध्ये दोन फंक्शन वेगळी केली, इंटिग्रल मांडलं आणि ते सुटेना. त्यात पंचवीस मिनिटं गेली. सी कडे बघून अजून पंधरा मिनिटं काहीतरी खोडत बसली. हातात आले ७. मग घाबरून क्यू २, तिथे डिडक्शन राहिलंच, १० मिळाले. क्यू ५ ला पोचली तेव्हा वेळ संपत आली होती, फक्त बेज झालं, ५. क्यू १ चे ९ धरून ३१.

आता आम्ही प्रत्येक समासमोर तीनपैकी एक खूण केली. ‘पूर्ण’ म्हणजे हा प्रकार मी गेल्या आठ-दहा दिवसांत स्वतःच्या हाताने शेवटपर्यंत सोडवलाय. ‘अर्धा’ म्हणजे फॉर्म्युला माहितेय, सुरुवात येते, पुढची खात्री नाही. ‘नाही’ म्हणजे नाही. मार्क धरताना ६ चा पूर्ण सम ५ आणि ८ चा पूर्ण सम ७ धरायचा, कारण हॉलमध्ये एखादी साइनची चूक होतेच. ‘अर्धा’ असेल तर ६ ला २ आणि ८ ला ३. ‘नाही’ ला शून्य.

तिचं असं निघालं. क्यू २: पूर्ण, अर्धा, पूर्ण, म्हणजे १४. क्यू ३: पूर्ण, अर्धा, नाही, म्हणजे ७. क्यू ४: पूर्ण, नाही, पूर्ण, १२. क्यू ५: नाही, पूर्ण, पूर्ण, १२. क्यू ६: अर्धा, पूर्ण, पूर्ण, १४.

बघितलंस ना, जो तिने सगळ्यात आधी घेतला तो क्यू ३ पाचातला सगळ्यात वाईट निघाला. आणि क्यू ६, ज्याला तिने हातच लावला नाही, तो वरच्या दोघांत. तिला विचारलं की का नाही घेतलास, तर म्हणाली ‘त्यात मला एकदम आवडता असा सम नव्हता’. क्यू २, क्यू ६ आणि १२ वाला एक घेतला असता तर ४० होत होते, प्लस क्यू १ चे ९. हा अंदाज आहे, हॉलमध्ये त्यातले पाच-सात कमी पडले असते असं धर, तरी ३१ आणि ४२ मध्ये खूप फरक आहे, आणि तिचा अभ्यास दोन्हीकडे तेवढाच.

पाचातून तीन निवडायचे दहा प्रकार होतात, पण दहा तपासत बसायची गरज नाही. प्रत्येक प्रश्नाची बेरीज स्वतंत्र आहे, त्यामुळे पाच आकडे लिहिले की वरचे तीन आपोआप दिसतात. बहुतेक वेळा पहिले दोन स्पष्ट असतात आणि शेवटचा एक बाद असतो. खरा निर्णय एकच उरतो, तिसरा कुठला आणि चौथा कुठला. हॉलमध्ये डोकं जिथे खर्च करायचं ते इथे, बाकी ठिकाणी नाही.

तिच्या पेपरमध्ये क्यू ४ आणि क्यू ५ दोन्ही १२ वर. अशी बरोबरी झाली की, किंवा एक-दोन मार्कांचाच फरक असला की (तुझा अंदाज तेवढा अचूक नसतोच), मी वेळ बघायला सांगते. ८० मार्कांना १८० मिनिटं, त्यातली दहा वाचायला आणि दहा शेवटी तपासायला काढली तर प्रत्येक २० मार्कांना ४० मिनिटं येतात. आता पॅराबोला फिट करणं म्हणजे x², x³, x⁴, xy, x²y असे कॉलम, सगळ्यांच्या बेरजा, मग तीन नॉर्मल इक्वेशन सोडवायची. येत असलं तरी वीस मिनिटं जातात आणि एक बेरीज चुकली की खालचं सगळं चुकतं. क्यू ४ मधलं रँक कोरिलेशन दहा मिनिटांचं काम आहे आणि ते चुकलंय का हे लगेच कळतं, कारण रँकमधल्या फरकांची बेरीज शून्य यायलाच हवी. लाप्लासचं इंटिग्रलही पटकन होतं. म्हणून क्यू ४. शिवाय त्यातल्या ‘नाही’ वाल्या बी मध्ये निदान साइन सिरीजचा आणि b_n चा फॉर्म्युला लिहून लिमिट भरून ठेवता येतात, त्याला तपासणारे थोडे मार्क देतात. कोऱ्या जागेला कोणीच काही देऊ शकत नाही, मनात असलं तरी.

खूण करताना फसायला कुठे होतं ते सांगते, कारण अख्खी पद्धत या खुणांवर उभी आहे. ‘हे बघितल्यासारखं वाटतंय’ हे ‘पूर्ण’ नाही. मी मुलांना सांगते की समाची पहिली ओळ आणि उत्तराचा आकार, दोन्ही डोळ्यासमोर येत असतील तरच ‘पूर्ण’ म्हण. क्यू २ चा सी घे. x² आहे, रेंज (-π, π), फंक्शन इव्हन, म्हणजे b_n शून्य, a_n काढायचा तो 4(-1)^n/n² येतो आणि कॉन्स्टंट टर्म π²/3. डिडक्शनमध्ये 1/n² ची बेरीज π²/6 मागितली असेल तर x = π ठेवायचं. एवढं दिसलं, मग ‘पूर्ण’. आता तोच x² (0, 2π) वर दिला तर? दिसायला सम तोच, पण आता इव्हन-ऑड काही चालत नाही, a_n आणि b_n दोन्ही काढावे लागतात, काम जवळजवळ दुप्पट. घाईत रेंज न वाचता खूण केली की इथे दहा मिनिटं जास्तीची गेलीच.

तसंच रँक कोरिलेशनमध्ये डेटावरून नजर फिरव, एखादी व्हॅल्यू परत आलीये का. परत आली असेल तर सरासरी रँक द्यायची आणि (m³ − m)/12 ची करेक्शन टर्म टाकायची. ते माहीत नसेल तर हा सम तुझ्यासाठी ‘अर्धा’ आहे, कितीही सोपा वाटला तरी. रिग्रेशनमध्ये दोन लाइन देऊन कुठली y ऑन x आणि कुठली x ऑन y ते ओळखायला सांगतात, तिथे दोन कोएफिशिएंटचा गुणाकार एकपेक्षा जास्त आला तर लाइन उलट्या घेतल्यास, हे आठवत असेल तर ‘पूर्ण’.

हे सगळं कधी करायचं, तर क्यू १ लिहायच्या आधी. मला माहितेय पेपर हातात आल्यावर दहा मिनिटं पेन खाली ठेवायला भीती वाटते, बाजूचा खसाखसा लिहीत असतो, पण क्यू १ मध्ये दोन सम अडले की मन खचतं आणि त्या अवस्थेत माणूस ओळखीचं काहीतरी शोधतो, नीट निवडत नाही. प्रश्नपत्रिकेवर काही लिहायची परवानगी नसेल तर उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर ‘रफ वर्क’ लिहून पाच आकडे मांड, नंतर काट मार.

मग क्रम. क्यू १ पहिला किंवा दुसरा, पण शेवटी कधीच नको, कारण तिथे चॉइस नाही आणि ते २० मार्क दुसरीकडून भरून निघत नाहीत. तुझा सगळ्यात भक्कम प्रश्न सुरुवातीलाच. तिसऱ्या नंबरचा सगळ्यात शेवटी, कारण तोच एक बदलता येण्यासारखा आहे. तो सुरू करायच्या आधी अर्धा मिनिट थांबून घड्याळ बघ. वेळ कमी उरली असेल, समजा पंचवीस मिनिटंच, तर पूर्ण प्रश्नाची बेरीज बघायची नाही, पंचवीस मिनिटांत कुठल्यातून जास्त मिळतात ते बघायचं. कमी वेळ लागणारा प्रश्न इथे परत जिंकतो.

आता तुझी मुख्य अडचण, अर्ध्यात बदलणं. सम अडला की सम बदल, प्रश्न बदलू नको. बी अडला तर त्याच प्रश्नाच्या सी वर जा, बी साठी अर्धं पान सोड. अख्खा प्रश्न सोडायचा विचार आला तर हा हिशोब कर: समजा क्यू ४ चा ए झालाय, ५ मार्क हातात आहेत, सी अडलाय. क्यू ५ वर उडी मारलीस तर त्याचे १२ मिळतील असं वाटतं, पण तीनच प्रश्न धरणार, म्हणजे क्यू ४ चे ते ५ तुझ्या बेरजेतून गेले. फायदा १२ नाही, ७, आणि त्यासाठी पस्तीस मिनिटं लागणार. तेवढ्या वेळात क्यू ४ चा सी परत पहिल्यापासून मांडून ३-४ मार्क, बी चा फॉर्म्युला लिहून एक-दोन आणि क्यू १ मधला राहिलेला सम पूर्ण करून ५, हे बहुतेक वेळा जास्त भरतं. क्यू १ कंपल्सरी असल्यामुळे तिथला प्रत्येक मार्क शंभर टक्के बेरजेत येतो, हे अडकल्यावर पहिलं आठवायचं. प्रश्न बदलणं योग्य ठरतं ते एकाच वेळी: त्यातला पहिलाच सम पाच मिनिटांत अडला आणि हातात अजून काहीच नाही.

वेळ उरली तर चौथा प्रश्न लिहावा का, हे पण पोरं नेहमी विचारतात. ते नियमावर आहे आणि प्रत्येक परीक्षेचा नियम वेगळा. यूपीएससी मेन्सच्या पेपरवर स्पष्ट छापलेलं असतं की उत्तरं क्रमाने मोजली जातील आणि खोडलं नसेल तर अर्धवट लिहिलेलाही मोजला जाईल, म्हणजे तिथे जास्तीचा प्रश्न लिहून आधीचा फालतू प्रश्न न खोडणं थेट नुकसान आहे. तू तुझ्या पेपरवरच्या सूचना वाच, आणि परीक्षेच्या आधीच कॉलेजच्या एक्झाम सेलमध्ये विचारून ठेव. तोपर्यंत मी सांगेन की उरलेली वेळ घेतलेल्या तीन प्रश्नांतल्या सोडलेल्या जागांवर आणि क्यू १ वर घाल.

आणि आता ऑप्शनला टाकण्याबद्दल, कारण तुझे २९ मला वाटतं तिथेच ठरले होते, हॉलमध्ये जायच्या आधी. पाचातले दोन सोडायचे असतात म्हणून मुलांना वाटतं सहातली एक-दोन मॉड्यूल सोडली तर चालतील. पण प्रश्न मॉड्यूलप्रमाणे लागत नाहीत ना! वरचाच पेपर बघ. कॉम्प्लेक्सचे तीन सम आहेत आणि ते क्यू २, क्यू ३ आणि क्यू ५ अशा तीन वेगवेगळ्या गाठोड्यांत आहेत. एक मॉड्यूल सोडलंस आणि पाचातले तीन प्रश्न फुटले, अखंड राहिले फक्त क्यू ४ आणि क्यू ६. तिसरा फुटकाच घ्यावा लागणार, तिथे ६ गेले, क्यू १ मध्ये कॉम्प्लेक्सचा सम आला तर अजून ५. आता त्याच्यासोबत प्रॉबॅबिलिटी पण टाकलीस असं धर. क्यू ३, क्यू ५ आणि क्यू ६ मध्ये ती आहे. अखंड उरला एकटा क्यू ४. क्यू २ आणि क्यू ६ मधून सहा-सहा गेले, क्यू १ मधून दोन्हीचे सम आले तर दहा. उरलेलं सगळं अगदी बिनचूक लिहिलंस तरी ५८ च्या वर जाता येत नाही. आणि मुख्य म्हणजे निवडायला काही राहतच नाही, क्यू २, क्यू ४ आणि क्यू ६ च घ्यायचे, मग त्यातला लाप्लासचा सम नेमका अवघड आला तरी.

म्हणून अख्खं मॉड्यूल सोडू नको, त्यातला महाग भाग सोड. कॉम्प्लेक्समध्ये u + v वालं मिल्न-थॉमसन आणि ऑर्थोगोनल ट्रॅजेक्टरीज तुला जड जात असतील तर राहू देत. पण ॲनालिटिक फंक्शनमधले कॉन्स्टंट काढायचा सम एका संध्याकाळी होतो. (x² + axy + by²) + i(cx² + dxy + y²) असं दिलं तर कॉशी-रीमनची दोन इक्वेशन लिहायची. u_x = v_y मधून 2x + ay = dx + 2y, म्हणून d = 2, a = 2. u_y = −v_x मधून ax + 2by = −2cx − dy, म्हणून c = −1, b = −1. संपलं, दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्या मुलीने केटीच्या सुट्टीत कॉम्प्लेक्समधलं फक्त एवढंच आणि हार्मोनिक फंक्शन केलं. वरच्या पेपरमध्ये हे ‘अर्धा’ वरून ‘पूर्ण’ झालं असतं तर तिचा क्यू २ चौदावरून सतरावर गेला असता.

परीक्षेला अजून वेळ असेल तर मागचे चार-पाच पेपर काढ, सोडवू नको, प्रत्येकी दहा मिनिटं लावून फक्त खुणा कर आणि पाच आकडे लिही. मग त्यातले एक-दोन पूर्ण तीन तास लावून सोडव आणि तुझा अंदाज आणि खरे मार्क शेजारी मांड. बहुतेक मुलं स्वतःला प्रत्येक प्रश्नात तीन-चार मार्क जास्त धरतात, आणि ते जास्त धरणं ठरावीक मॉड्यूलमध्येच असतं, कोणाचं फूरियरमध्ये, कोणाचं कॉन्व्होल्यूशनमध्ये. तुझं कुठे आहे ते कळलं की हॉलमध्ये त्या समांना ‘पूर्ण’ न लिहिता ‘अर्धा’ लिहायचं.